रिपोर्टमध्ये ‘मार्किंग्ज वाढल्या’ असं आलं, तर पुढे काय?

प्रश्न: डॉक्टर, आईचं वय ५६. सतरा-अठरा दिवसांपासून खोकला आहे, ताप नाही. चोपड्याला एक्स-रे काढला. रिपोर्टमध्ये ‘प्रॉमिनंट ब्रॉन्कोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज इन बोथ लोअर झोन्स, सजेस्टिव्ह ऑफ ब्रॉन्कायटिस, अ‍ॅडव्हाइस क्लिनिकल कोरिलेशन’ असं लिहिलंय. शेजारचे म्हणतात हा टीबीच आहे. मेडिकलवाला म्हणतो, कफ साचलाय, पाच दिवसांच्या गोळ्या घ्या. आम्ही काय समजायचं?

उत्तर: भाऊ, या ओळीवरून टीबी आहे असं म्हणता येत नाही आणि कफ साचलाय असंही नाही. पण आईंचा खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेलाय, म्हणून थुंकी तपासायलाच हवी. रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल’ लिहिलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं. आता ही ओळ कुठून येते ते सांगतो. जळगाव-धुळ्याकडच्या दहा घरांतल्या फायली उघडल्या तर दोन-तीन घरांत तरी ती सापडेल.

एक्स-रेमध्ये फुफ्फुस काळं दिसतं, कारण आत हवा असते. त्या काळ्यात मधून बाहेरच्या बाजूला जाणाऱ्या पांढुरक्या रेषा दिसतात, त्यांना आम्ही मार्किंग्ज म्हणतो. या रेषा म्हणजे बहुतेक रक्तवाहिन्या. ‘ब्रॉन्को’ हा शब्द जोडलेला असला तरी निरोगी माणसाच्या श्वासनलिका एक्स-रेत जवळजवळ दिसत नाहीत. नळीत हवा आणि बाहेरही हवा, मग सावली पडणार कशाची? हृदयाजवळ एखाद-दुसरी नळी समोरून बारीक कड्यासारखी दिसते, तेवढीच. म्हणजे मार्किंग्ज प्रत्येकाच्या छातीत असतात आणि असायलाच हव्यात. उभं राहून काढलेल्या फिल्ममध्ये त्या खालच्या भागात जास्त ठळक दिसतात, कारण वजनाने रक्त खाली जास्त जातं. बाहेरच्या कडेकडे त्या बारीक होत जातात आणि शेवटच्या एक-दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यात दिसेनाशा होतात.

‘वाढल्या’ कधी म्हणायचं, याला मोजपट्टी नाही. रेडिओलॉजिस्ट डोळ्यांनी ठरवतो. तीच फिल्म दोन अनुभवी माणसांना दाखवली तर एक ‘नॉर्मल’ लिहील, दुसरा ‘प्रॉमिनंट’. संध्याकाळी ढीगभर फिल्म समोर असतात, चिठ्ठीवर फक्त ‘एक्स-रे चेस्ट पीए’, म्हणजे पाठीकडून किरण सोडून काढलेला छातीचा फोटो, एवढंच लिहिलेलं असतं, पेशंट समोर नसतो. अशा वेळी ही ओळ लिहिणं सोपं जातं. काही सेंटरवर तर रिपोर्टचा साचाच कॉम्प्युटरवर तयार असतो, त्यात ही ओळ आधीपासून बसलेली असते. आमच्या धंद्यातली ही गोष्ट पेशंटला कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

बरं, आजार नसताना मार्किंग्ज वाढलेल्या का दिसतात? सगळ्यात मोठं कारण म्हणजे श्वास पूर्ण न भरणं. तापीत टाकायचं मासे धरायचं जाळं हातात गोळा केलं की दोरे दाट दिसतात आणि पसरलं की विरळ, पण दोरे तेवढेच असतात. फुफ्फुस अर्धवट भरलेलं असताना फोटो निघाला तर खालच्या भागातल्या रक्तवाहिन्या अशाच एकमेकींजवळ येतात. हृदयही आडवं पसरल्यासारखं दिसतं. पहिल्यांदा एक्स-रेच्या खोलीत आलेल्या, खोकणाऱ्या बाईला टेक्निशियन घाईत ‘श्वास घ्या, रोका’ म्हणतो. तिने श्वास घेऊन सोडलेला असतो तेव्हा बटण दाबलं जातं.

हे तुम्हाला घरी बसून तपासता येतं. फिल्म खिडकीच्या उजेडात धरा. फिल्मवर तुमच्या डाव्या हाताला आईंची उजवी बाजू असते, तिथे बघा. पाठीकडच्या बरगड्या मणक्यापासून निघून जवळजवळ आडव्या जातात, पुढच्या बरगड्या तिरक्या खाली उतरतात. पाठीकडच्या बरगड्या वरून मोजत या. श्वास नीट भरलेला असेल तर पडद्याच्या, म्हणजे डायफ्रामच्या, वर ९ किंवा १० दिसतात. सातच दिसल्या तर त्या फिल्ममधल्या ‘लोअर झोन’च्या मार्किंग्जवर फार विसंबू नका. पहिली बरगडी गळ्याच्या हाडामागे वाकडी दडलेली असते, ती सुटली की हिशोब एकाने चुकतो, तेवढं सांभाळा.

बायकांमध्ये स्तनांची सावली नेमकी खालच्याच भागावर पडते आणि तो भाग धूसर व दाट दिसतो. अंगाने जाड माणसाचंही तसंच. झोपवून किंवा समोरून काढलेल्या फिल्मवर ‘एपी’ लिहिलेलं असतं. त्यात हृदय मोठं आणि मार्किंग्ज ठळक दिसणारच. डिजिटल मशीनवर कडा धारदार करायची सोय असते, ती जास्त लावली तर साध्या रक्तवाहिन्यासुद्धा आखल्यासारख्या दिसतात. यातलं काहीही आजार नाही.

आता एक प्रत्यक्ष घडलेला प्रसंग सविस्तर सांगतो, कारण तो तुमच्या आईंच्या फार जवळचा आहे.

मागच्या थंडीत यावल तालुक्यातल्या एक मावशी आल्या होत्या, वय पन्नाशीच्या पुढे. तीन-चार आठवड्यांचा खोकला, सकाळी थोडा पांढरट बेडका, चढ चढताना दम. हातात दुसरीकडचा रिपोर्ट होता. दोन्ही लोअर झोनमध्ये मार्किंग्ज वाढलेल्या, पुढे ‘ब्रॉन्कायटिस’ आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह लावून ‘कॉक्स’. हे ‘कॉक्स’ म्हणजे टीबीच. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये टीबीचा जंतू दाखवला, त्यांच्या नावावरून डॉक्टर लोक असं लिहितात. पेशंटने वाचून घाबरू नये हा हेतू. घरातल्या शिकलेल्या पोराने मोबाइलवर शोधलं आणि मावशींचं ताट-वाटी वेगळं झालं! त्याआधी गावात वेगवेगळ्या अँटिबायोटिकचे तीन कोर्स होऊन गेले होते.

मी आधी फिल्म पाहिली, कागद नंतर. पाठीकडच्या बरगड्या सातच. छातीचा खालचा तिसरा हिस्सा जवळजवळ गायब. टेक्निशियनला म्हटलं, पुन्हा काढ, पण आधी दोनदा सराव करून घे. तोही अहिराणी बोलणारा, त्याने मावशींना त्यांच्याच बोलीत समजावलं की मोठा दम भरायचा आणि मी म्हणेपर्यंत सोडायचा नाही. दुसऱ्या फिल्ममध्ये दहा बरगड्या आल्या. खालची दाटी बरीचशी विरून गेली, हृदयही आपल्या मापात आलं. वरच्या भागात, म्हणजे जिथे मोठ्या माणसांचा टीबी बहुतेक वेळा बसतो तिथे, डाग नव्हता. हृदयाजवळच्या काही रेषा मात्र तेव्हाही जाड वाटत होत्या.

मग थुंकी. ट्रूनॅटवर टीबीचा जंतू आला नाही. इथवर ऐकून घरचे खूश झाले, उठून निघालेच होते. पण मावशींना दम का लागतो, याचं उत्तर अजून मिळालं नव्हतं. विचारत गेलो तसं बाहेर आलं की लग्न होऊन आल्यापासून चुलीवर स्वयंपाक. कपाशीच्या काड्या, गोवऱ्या, तुरीच्या काटक्या. गॅस आहे, पण तो चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. (भरिताची वांगी काड्यांवरच भाजायची, ते मीही मान्य करतो, पण ती अंगणात भाजतात.) खोकला-बेडका दरवर्षी थंडीत दोन-तीन महिने असतोच, हे त्यांनी असं सांगितलं जणू ते सगळ्यांनाच असतं.

त्यांची स्पायरोमेट्री केली. नळीत जोरात फुंकायची ही तपासणी. औषधाचा फवारा दिल्यानंतर पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा भागिले एकूण बाहेर आलेली हवा, हे गुणोत्तर फवाऱ्यानंतरही ०.७० च्या खाली राहिलं तर श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्यात असं धरतात. मावशींचं ०.६२ आलं. म्हणजे सीओपीडी, तोही आयुष्यात कधी विडी न ओढता, निव्वळ चुलीच्या धुराने. त्यांना रोज घ्यायचं इनहेलर लागलं, चूल पडवीत गेली, आणि अँटिबायोटिक बंद झाली.

यातली गंमत बघा. ज्या ओळीमुळे घर घाबरलं ती बरीचशी अपुऱ्या श्वासामुळे आली होती, आणि जो खरा आजार होता तो एक्स-रेत धडपणे दिसतच नव्हता. सीओपीडीत सुरुवातीला फिल्म साफ असू शकते. पुढे फुफ्फुसं फुगली की मार्किंग्ज उलट विरळ होतात आणि पडदा सपाट होतो. ‘क्रॉनिक ब्रॉन्कायटिस’ तर फोटोवरून ठरतच नाही. बेडक्याचा खोकला वर्षाला किमान तीन महिने, सलग दोन वर्षं, आणि दुसरं कारण नाही, असं विचारून तो ठरतो. साध्या ताज्या ब्रॉन्कायटिसमध्ये एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मलच असतो. तिथे एक्स-रे काढतात तो न्यूमोनिया नाही ना हे बघायला. म्हणून तुमच्या रिपोर्टमधलं ‘सजेस्टिव्ह ऑफ ब्रॉन्कायटिस’ हे निदान म्हणून घेऊ नका. ‘खोकला आहे असं कळलं, न्यूमोनियाचा डाग दिसला नाही’ एवढाच त्याचा अर्थ धरा.

मग ही ओळ कायम दुर्लक्ष करण्यासारखी आहे का? नाही. एक प्रकार असा आहे की तिथे मी ती फार गंभीरपणे घेतो, आणि तो ओळखायची खूण जागेत आहे. समजा साठीचा माणूस, बीपी आणि साखर दोन्ही, रात्री आडवं झालं की खोकला आणि उठून बसलं की बरं. रिपोर्टमध्ये तीच ओळ, ‘इन्क्रीज्ड ब्रॉन्कोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज’. पण फिल्म पाहिली तर वरच्या भागातल्या रक्तवाहिन्या खालच्यांइतक्याच, किंबहुना जास्त जाड. हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त, आणि फिल्म नीट श्वास भरलेली, पीए. अगदी खालच्या कोपऱ्याजवळ, जिथे काहीच दिसायला नको त्या कडेच्या पट्ट्यात, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या आडव्या बारीक रेषा एकावर एक. त्यांना कर्ली बी लाइन्स म्हणतात. हृदय कमी पंप करत असल्याने फुफ्फुसात पाणी झिरपू लागल्याची ती खूण. अशा माणसाला खोकल्याचं औषध देत बसलात तर तो एखाद्या रात्री धाप लागून दवाखान्यात येतो. त्याची इको व्हायला हवी, आणि पाणी उतरवणाऱ्या औषधाने काही दिवसांत त्या रेषा फिल्मवरून पुसल्या जातात.

म्हणून ‘मार्किंग्ज’ या शब्दाच्या आजूबाजूला काय लिहिलंय ते बघायचं. हृदयाबद्दल ‘कार्डिओमेगाली’ किंवा ‘सीटी रेशो इन्क्रीज्ड’ असेल, ‘अप्पर लोब डायव्हर्जन’ किंवा ‘सेप्टल लाइन्स’ असेल, ‘सीपी अँगल ब्लंटेड’ असेल तर तोच शब्द जड होतो. सीपी अँगल म्हणजे फुफ्फुसाचा खालचा टोकदार कोपरा. तो बोथट झाला तर तिथे पाणी असू शकतं, किंवा जुन्या आजाराची चिकटण असू शकते. उभ्या फिल्ममध्ये तो बोथट दिसायला साधारण २०० मिली पाणी लागतं, त्यामुळे ‘क्लिअर’ लिहिलं म्हणजे थेंबभरही पाणी नाही असं नव्हे, पण खूप नाही हे नक्की.

मार्किंग्जना ‘रेटिक्युलर’ किंवा ‘रेटिक्युलोनोड्युलर’ हे विशेषण लागलं तर गोष्ट वेगळी. तिथे रेषा झाडाच्या फांद्यांसारख्या न जाता जाळी करतात, कडेपर्यंत पोचतात. फुफ्फुसाचा पोत बदलणाऱ्या आजारांची ही भाषा आहे, आणि तिथे एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसाचा बारीक कापांचा सीटी, लागतं. ‘ट्रॅम ट्रॅक’ किंवा ‘रिंग शॅडोज’ लिहिलं असेल तर श्वासनलिका कायमच्या रुंदावल्या असाव्यात, ते आपल्याकडे बरेचदा जुन्या टीबीनंतर दिसतं. नुसत्या ‘प्रॉमिनंट मार्किंग्ज’साठी मात्र सीटी करू नका. जळगावला आलोच आहोत तर करून टाकू, असं म्हणणारे रोज भेटतात. एवढ्याशा ओळीसाठी तो पैसा आणि तो किरणांचा मारा, दोन्ही वाया.

टीबीची भाषा यापेक्षा वेगळी असते. ‘अप्पर झोन इन्फिल्ट्रेट्स’, ‘कॅव्हिटी’, ‘कन्सॉलिडेशन’, ‘मिलिअरी’, ‘प्लूरल इफ्यूजन’, ‘हायलर लिम्फॅडेनोपॅथी’. यातला एखादा शब्द तुमच्या कागदावर असता तर मी तुम्हाला आजच्या आजच पाठवलं असतं. ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’ किंवा ‘फायब्रॉटिक स्ट्रँड्स’ म्हणजे बहुधा कधीकाळी भरून आलेल्या जखमेचा व्रण. त्यावर लक्ष ठेवायचं, पण फक्त त्यावरून औषध सुरू करायचं नाही. आणि उलट बाजूही ऐकून ठेवा: टीबीत एक्स-रे क्वचित साफही असतो, विशेषतः रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत. त्यामुळे शेजाऱ्यांचं ‘टीबीच आहे’ हे चूक, तसंच ‘एक्स-रेत टीबी नाही लिहिलं, म्हणजे नाहीच’ हेही चूक.

लहान मुलांच्या रिपोर्टमध्ये ‘पेरिहायलर मार्किंग्ज’ फार येतात. सर्दी-खोकल्यानंतर ते चालतंच. मूल दूध पिताना घामाघूम होत असेल, वजन वाढत नसेल तर मात्र हृदयातल्या छिद्राचा विचार करून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता तुमच्या आईंचं. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ लिहिणाऱ्याने एका अर्थी प्रामाणिकपणे सांगितलंय की मी फक्त सावली पाहिली, माणूस तुम्ही बघा. म्हणून कागद नाही, आई आणि फिल्म घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांनी छाती ऐकायला हवी, बीपी बघायला हवं, साखर तपासायला हवी. आईंना हे विचारून ठेवा: चूल किती वर्षं, जिनिंग किंवा डाळमिलमध्ये कधी काम केलं का, घरात कुणाला टीबी झाला होता का, रात्री झोपल्यावर खोकला वाढतो का, वजन उतरलंय का, बीपीची कोणती गोळी चालू आहे. शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण बीपीच्या काही गोळ्यांनी, एनालाप्रिल-रॅमिप्रिल या जातीच्या, कोरडा खोकला महिनोन्महिने चालतो आणि एक्स-रेत त्याचं काहीही दिसत नाही. तशी गोळी निघाली तरी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात.

मेडिकलवाल्याच्या पाच दिवसांच्या गोळ्या आत्ता नकोत. खोकल्यासाठी सर्रास दिली जाणारी लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं टीबीच्या जंतूलाही थोडी दाबतात. टीबी असलाच तर आठ-दहा दिवस बरं वाटतं, तपासणीला उशीर होतो, आणि आजार परत डोकं वर काढतो. आधी थुंकी, मग औषध.

थुंकीची तपासणी, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, सरकारी दवाखान्यात फुकट होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावच्या आशाताईंना विचारलं तरी डबी मिळते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून आलेला बेडका डबीत घ्यायचा. तोंडातली लाळ दिली तर तपासणी होते, पण तिला अर्थ राहत नाही. बेडका येतच नसेल तर तसं सांगा, वाफ देऊन काढता येतो. खोकल्यातून रक्त आलं, बसल्या जागी धाप लागली, पायांवर सूज आली किंवा रात्री उशा रचून झोपावं लागलं, तर थुंकीच्या रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

थुंकीत काही निघालं नाही आणि खोकला तसाच राहिला, तर स्पायरोमेट्री करून घ्या. मार्किंग्ज ‘गेल्या का’ हे बघायला महिन्या-महिन्याला एक्स-रे काढू नका. चुलीजवळ आयुष्य काढलेल्या बाईच्या फिल्ममध्ये त्या तशाच राहतील, आणि आई बरी वाटत असतानाही रिपोर्टमध्ये तेच छापून येईल. त्यापेक्षा घरात एखादा जुना एक्स-रे असेल, ऑपरेशनच्या वेळचा, कुठल्या शिबिरातला, तर तो शोधा आणि सोबत न्या. पाच वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्येही त्याच रेषा तशाच असतील तर डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच झालं.